वरचा रुपया

निवृत्तीच्या समारंभात शिक्षकाला शाल, श्रीफळ, मानपत्र आणि थैली देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. थैली देणाऱ्याचे काम त्या संध्याकाळी संपते. घेणाऱ्याचे काम मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते, कारण त्याला उत्तर द्यायचे असते. बहुतेक उत्तरे दोन प्रकारची असतात. काहींत आभारांचे ठरावीक शब्द असतात, तर काहींत भेटीचे निमित्त करून विद्यार्थ्यांना शेवटचा उपदेश केलेला असतो. पहिले उत्तर वाचून काही आठवत नाही. दुसरे वाचून, आपण प्रेमाने काही दिले आणि बदल्यात पुन्हा एकदा वर्गात बसवले गेलो, असे वाटते. या दोहोंहून निराळे असे एक उत्तर बार्शीतील एका शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना लिहिले. त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे.

सर कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवीत असत. 31 मे 2019 रोजी ते निवृत्त झाले. नोकरीची चौतीस वर्षे एकाच गावात गेल्यामुळे बाजारपेठेतील निम्म्या दुकानांच्या गल्ल्यावर त्यांचा एखादा तरी विद्यार्थी बसलेला असे. त्यांपैकी 1994 साली बारावी झालेल्या तुकडीने पुढाकार घेऊन त्यांचा सत्कार केला. एकेचाळीस जण जमले होते. कुणी भुसार मालाचे आडते, कुणी कापडाचे व्यापारी, कुणी औषधविक्रेते, काही पुण्या-मुंबईला नोकरीत, आणि लग्न होऊन लातूर-सोलापूरला गेलेल्या चार-पाच मुली. मुली म्हणायचे ते सवयीने. त्यांची मुले आता कॉलेजात होती. मानपत्र वाचून झाले, शाल पांघरली गेली आणि मखमली थैली सरांच्या हाती आली. थैलीत एकेचाळीस पाकिटे होती, प्रत्येकावर नाव आणि आत 5,001 रुपये. एकूण 2,05,041.

व्यापाऱ्यांच्या मुलांनी गोळा केलेली रक्कम, तेव्हा हिशेबाशिवाय कशी असेल? पाकिटांबरोबर टाचणी लावलेली एक यादीही होती. अनुक्रम, नाव, रक्कम, जमा तारीख. दोन नावांपुढे ‘ह.’ असे लिहून दुसऱ्याचे नाव घातले होते. देरासरातील किंवा पाठशाळेतील देणग्यांच्या फलकावर ‘हस्ते’ म्हणून जे लिहितात तेच. त्यावरून काही अनुमान काढण्यात अर्थ नव्हता. परगावच्या माणसाची रक्कम भाऊ किंवा शेजारी भरतो, ही नेहमीची गोष्ट आहे. परंतु एका नोंदीवर सरांची नजर थांबली. तेथे एकाच नावापुढे दोन तारखा होत्या: 7 मे रोजी 2,000 आणि 29 मे रोजी 3,001.

ज्याने आयुष्यभर मुलांच्या खतावण्या तपासल्या त्याला अशा नोंदीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. समान वर्गणी ठरवताना कुणाच्या मनात वाईट नव्हते. उलट कुणी जास्त दिले, कुणी कमी दिले असे दिसू नये म्हणूनच एक आकडा ठरवला गेला होता. पण आकडा एक असला तरी त्याचे ओझे सर्वांना एकसारखे नसते. त्या विद्यार्थ्याचे किराणा दुकान आदल्या वर्षी बंद पडले होते, हे सरांना बाजारातून ठाऊक होते. त्याने दोन हप्त्यांत रक्कम भरली, आणि समारंभात तो सगळ्यात पुढे उभा राहून टाळ्या वाजवीत होता.

आता प्रश्न असा होता की, उत्तर काय द्यावे? थैली ठेवून घ्यावी, तर ती नोंद मनातून जात नव्हती. त्या एकट्याला पैसे परत करावेत, तर त्याच्या झाकून ठेवलेल्या अडचणीवर सर्वांसमोर बोट ठेवल्यासारखे होईल. अडचणीतल्या माणसाने मान राखून दिलेले दान त्यालाच परत करणे, ही मदत त्याला अपमानासारखी झोंबली असती. आणि सगळ्यांनाच नकार द्यावा, तर चाळीस जणांच्या आनंदावर विरजण पडेल.

सरांनी पत्राचा पहिला मसुदा त्याच रात्री लिहिला. त्यात त्यांनी खरे ते कारण लिहिले होते. वयाच्या पन्नाशीत त्यांनी परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतले होते. किती द्रव्य, किती वस्त्रे, किती भांडी ठेवायची याची मर्यादा एका लहानशा वहीत लिहून ठेवली होती. थैली त्या मर्यादेपलीकडे जात होती. कारण शास्त्राला धरून होते आणि वाचणाऱ्यांपैकी अर्ध्या कुटुंबांना ते लगेच समजलेही असते. सरांनी तो कागद पत्नीला वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “अहो, यात सगळं बरोबर आहे. पण हे वाचून मुलांना वाटेल, आपण सरांचं व्रत मोडायला निघालो होतो. व्रत तुमचं आहे ना? मग त्याचा भार त्यांच्यावर कशाला?”

हे बोलणे सरांना पटले. व्रत हे स्वतःला घातलेले कुंपण आहे. ते दुसऱ्याला दाखवायला निघालो की आपण किती आत आहोत आणि तो किती बाहेर आहे, हेच त्याला दिसते. त्यागाचा उल्लेख खरा असूनही ऐकणारा लहान होतो. पत्रातून व्रताचा उल्लेख पूर्णपणे काढून टाकला गेला.

दुसऱ्या मसुद्यात एक सोयीस्कर कारण आले. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात मिळालेली भेटीची एकूण रक्कम 50,000 रुपयांच्या पुढे गेली, तर ती सगळीच्या सगळी उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागू होतो. वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाने हे कारण दिले असते तर विद्यार्थी हसले असते आणि कुणालाच वाईट वाटले नसते. परंतु ते खरे कारण नव्हते. कर भरूनही दीड लाखाच्या वर रक्कम उरलीच असती. शिवाय एखादा हुशार विद्यार्थी दुसऱ्या दिवशी करसल्लागाराला घेऊन आला असता, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. प्रेमाने दिलेल्या वस्तूला तांत्रिक सबब सांगणे म्हणजे देणाऱ्याचे मन न पाहता त्याला खिडकीवरून परत पाठवणे. तोही कागद बाजूला ठेवला गेला.

याच मसुद्याच्या शेवटी, थैलीची रक्कम महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी असाही एक विचार होता. समारंभात पुष्कळदा असेच होते. सत्कारमूर्ती थैली स्वीकारतात, त्यात स्वतःचे काही घालून ती संस्थेला देतात आणि टाळ्यांचा दुसरा कडकडाट होतो. त्यात गैर काही नाही. पण सरांच्या डोळ्यांपुढे ती दोन तारखांची नोंद होती. ज्याने हप्त्यांनी पैसे भरले त्याने ते ग्रंथालयासाठी भरलेले नव्हते. त्याच्या ओढाताणीतून आलेल्या रकमेवर आपल्या उदारपणाची पाटी लागणार, हे त्यांना मान्य होईना. दान द्यायचे तर ते स्वतःच्या शिलकीतून द्यावे. दुसऱ्याचे घेऊन आपल्या नावावर पुण्य जमा करणे हा हिशेबातला घोळच म्हणायचा.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची जी व्याख्या आहे, तिच्यात देणारा आणि घेणारा या दोघांचेही हित अभिप्रेत आहे. आपण ही व्याख्या ऐकतो तेव्हा बहुधा देणाऱ्याच्या जागी बसून ऐकतो. घेणाऱ्याच्या जागी बसले की तिचा दुसरा अर्थ उमगतो. घेताना देणाऱ्याचे अहित होत नाही ना, हे पाहणे घेणाऱ्याकडे येते. आणि नाकारतानाही तेच पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी सरांना मार्ग सुचला तो यादीतल्या शेवटच्या अंकामुळे. आपल्याकडे शुभकार्यात गोल आकडा देत नाहीत. शंभरावर एक, पाचशेवर एक, पाच हजारांवर एक. हा वरचा रुपया पूर्णविराम पडू देत नाही. नाते पुढे चालू आहे, असे तो सांगतो. सर्वांच्या पाकिटांत तो होता. ज्याने दोन हप्ते केले त्यानेही 29 तारखेला 3,000 न भरता 3,001 भरले होते. पाच हजारांचे ओझे प्रत्येकाला वेगवेगळे होते, पण वरचा रुपया मात्र सर्वांचा सारखाच होता.

तेव्हा सरांनी ठरवले की, प्रत्येकाच्या पाकिटातील तो एक रुपया ठेवायचा आणि पाच हजार ज्याचे त्याला परत द्यायचे. सर्वांना सारखेच, एकही नाव न वगळता. म्हणजे कुणाकडेच बोट दाखवले जाणार नाही. शाल ठेवायची, श्रीफळ वाढवून त्याचे खोबरे शेजारी वाटायचे आणि एकेचाळीस रुपये घरात राहू द्यायचे.

तिसऱ्या मसुद्याचे पत्र फुलस्केपची दोन पाने भरले. वर्गात सर्व समाजांची मुले होती, म्हणून त्यांनी आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिले. पुढचा मजकूर असा होता:

“तुम्ही मानपत्रात माझ्या नावावर बरेच काही जमा केले आहे. समारंभात मी गप्प राहिलो, पण खतावणी तपासण्याची सवय जात नाही. त्यातल्या दोन रकमा माझ्या खात्यावरून काढून योग्य खात्यावर नेतो, तेवढी परवानगी असावी.

“तुम्ही लिहिले आहे की, चलानी मालाचे खाते मी इतके सोपे करून शिकवले की ते जन्मभर विसरलो नाही. ते मी सोपे केलेले नाही. 1993 च्या पावसाळ्यात मी फळ्यावर ‘अकाउंट सेल्स’ असा शब्द लिहून त्याची व्याख्या सांगत होतो आणि तुम्ही सगळे शून्यात पाहत होता. तेव्हा मागच्या बाकावरून एक जण उठला आणि म्हणाला, ‘सर, ही तर आमच्या आडतीतली पट्टी.’ दुसऱ्या दिवशी त्याने खरी पट्टी आणून दिली. वर शेतकऱ्याचे नाव, पोती, वजन, भाव आणि झालेली विक्री. त्याखाली वजा हमाली, वजा तोलाई, वजा आडत, वजा आगाऊ उचल. सर्वांत खाली निव्वळ देणे. पुस्तकातली व्याख्या शब्दशः त्या पिवळ्या कागदावर होती. माल पाठवणारा शेतकरी, विकून देणारा आडत्या, आणि विकला जाईपर्यंत माल कुणाच्या मालकीचा हा सगळा प्रश्न त्या एका कागदाने सुटला. त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी हा धडा पट्टीपासूनच शिकवला. पुढच्या वर्षांतल्या मुलांना वाटत राहिले की ही सरांची युक्ती. ती तुमच्यापैकी एकाची आहे आणि ती मी पंचवीस वर्षे विनामूल्य वापरली.

“दुसरी रक्कम नवाच्या भागाकाराची. तेरीज जुळली नाही की फरक नवाने भागून पाहावा, असे मी सांगत असे. पूर्ण भाग गेला तर कुठे तरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. 540 च्या जागी 450 लिहिले तर फरक 90 येतो आणि नवाने भाग जातो. हे मला कुणी शिकवले, सांगतो. तुमच्यापैकी एकीचे आजोबा पेढीवर मुनीम होते. तिने घरी विचारून येऊन वर्गात सांगितले. मी त्याचे कारण शोधायला रात्रभर बसलो आणि दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर सिद्ध करून दाखवले. टाळ्या मला मिळाल्या. त्या आजोबांच्या होत्या.

“अशा नोंदी करत गेलो तर माझ्या बाजूला थोडेच उरते, पण जे उरते त्यात मी खूष आहे. तुम्ही पंचवीस वर्षांनी एकत्र जमलात, एकमेकांच्या मुलांची चौकशी केलीत, त्यात मी निमित्त झालो. तेवढे मी माझ्या खात्यावर ठेवतो.

“आता थैलीविषयी. तुम्ही प्रत्येकाने पाच हजारांवर एक रुपया दिला आहे. तो वरचा रुपया मी घेतला. सर्वांचा घेतला. तो परत मागू नका, मिळणार नाही. खालचे पाच हजार तुमच्याकडेच असू द्यात. माझे निवृत्तिवेतन दोघांना पुरते आणि आमची गरज लहान आहे. तुम्ही दिलेत आणि मी घेतले, हे पूर्ण झाले आहे. आता मी देतो आहे आणि तुम्ही घ्यायचे आहे, एवढीच विनंती.

“घर तेच आहे. सूर्यास्तापूर्वी आलात तर नाश्ता मिळेल. नंतर आलात तर गप्पा तरी मिळतीलच.”

पत्र एवढेच. त्यात एकही उपदेश नाही, सचोटीने धंदा करा असेही नाही. ज्या मुलांनी पंचवीस वर्षे दुकाने चालवली त्यांना ते नव्याने सांगण्याचे कारण सरांना दिसले नसावे. नम्रतेचे शब्दही पत्रात नाहीत. ‘मी कोण, माझी काय योग्यता’ असे एक वाक्य शोधून सापडणार नाही. श्रेय ज्याचे त्याला वर्ष आणि प्रसंग सांगून परत केले आहे. आपली स्तुती नुसती नाकारली तर मानपत्र लिहिणाऱ्याला खोटे ठरवल्यासारखे होते. तिच्यातला नेमका कोणता भाग कुणाचा हे सांगितले की ती सर्वांत वाटली जाते. पत्र वाचणाऱ्या दोघांना तरी, आपणही सरांना काही दिले होते, हे पहिल्यांदाच कळले.

पत्र पाठवण्याची रीतही विचारपूर्वक होती. सर प्रथम कापडाच्या दुकानात गेले, कारण समारंभाची सगळी धावपळ त्या विद्यार्थ्याने केली होती. पाकिटे थेट वाटली असती तर इतरांपुढे त्याची मान खाली गेली असती. तो पत्र वाचून बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, लोक म्हणतील, आमच्या हातून काहीतरी कमी पडलं.” त्याला खरोखर वाईट वाटले होते. सरांनी समजूत घालण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. “तुझाही रुपया ठेवलाय मी,” एवढेच ते म्हणाले. दोन तारखांच्या नोंदीविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत, तेथेही नाही आणि नंतरही नाही. ती सांगितली असती तर त्याला कारण लगेच पटले असते. पण मग त्या दुसऱ्या विद्यार्थ्याची झाकली मूठ उघडली असती. आपल्याला गैरसमज सोसावा लागला तरी चालेल, पण दुसऱ्याचे गुपित आपल्या बचावासाठी खर्च करू नये, असा तो निर्णय होता. शेवटी कापडवाल्याने एक अट घातली: दिवाळीच्या वहीपूजनाला सरांनी दुकानात यायचे आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर साथिया त्यांनीच काढायचा. अट मान्य झाली.

गावातल्या अठ्ठावीस जणांना सरांनी स्वतः हिंडून पाकीट आणि पत्राची प्रत दिली. परगावच्या तेरा जणांना पत्रासोबत धनादेश गेले. बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाच्या घरीही ते इतरांसारखेच गेले, ओसरीवर पाणी प्यायले आणि तितकाच वेळ बसले. त्याने पाकीट घेतले. तो काय बोलला ते कुणाला माहीत नाही, आणि ते माहीत असण्याची गरजही नाही.

हे उत्तर प्रत्येक भेटीला लागू पडेल असे मात्र समजू नये. विद्यार्थ्याने हाताने केलेली वस्तू, आईने करून पाठवलेला पदार्थ किंवा एखाद्या गरीब मुलाने दिलेले साधे पेन परत करणे हे क्रूरपणाचे ठरेल. तेथे घेणे हेच देणे असते. सरांच्या कपाटात असली पेने डबाभर आहेत. परत करायची ती रक्कमच, आणि तीही घेताना कुणाला जड गेली आहे असा सबळ पुरावा समोर असेल तेव्हा. तसा पुरावा नसता तर कदाचित सरांनी थैली ठेवूनही घेतली असती आणि त्यातही उणे काही नव्हते.

त्यांच्या घरखर्चाच्या वहीत जून 2019 च्या पानावर एक नोंद आहे: ‘विद्यार्थी खाते जमा रु. 41’. ती नाणी एका स्टीलच्या डबीत आहेत. त्या खात्याच्या नावे बाजूला आजवर काही लिहिलेले नाही. हिशेबाच्या नियमाप्रमाणे ते खाते अजून उघडे आहे.